छातीत उतरलेला गलगंड : मानेवर फारसा न दिसणारा गोळा श्वास कसा अडवतो?

दोन वर्षांपासून दम्याचा पंप चालू आहे, पण धाप काही कमी होत नाही. जिन्याच्या दहा पायऱ्या चढल्या की थांबावं लागतं. रात्री सपाट झोपलं की कुणीतरी गळ्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं, म्हणून तीन उशा लावून अर्धवट बसूनच रात्र काढायची. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरत नाही.

अशा ६४ वर्षांच्या एका बाई आपण डोळ्यांसमोर आणू. ही कुणा एकीची गोष्ट नाही. या आजाराचे रुग्ण साधारण ज्या वाटेने डॉक्टरांकडे पोहोचतात, त्यावरून जुळवलेलं हे उदाहरण आहे. लेख संपेपर्यंत आपण या मावशींबरोबरच चालू.

मावशींच्या मानेकडे पाहिलं तर फार काही दिसत नाही. डाव्या बाजूला थोडा फुगवटा आहे, पण तो वीसेक वर्षांपासून आहे आणि दुखत नाही. घरच्यांना त्याची सवय झालेली. धाप लागते म्हणजे छातीचा आजार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. एका अर्थी ते खरंही होतं, कारण त्रासाचं मूळ छातीतच होतं. फक्त ते फुप्फुसात नव्हतं. मानेतली थायरॉईड ग्रंथी वाढत वाढत छातीच्या मधल्या हाडामागे उतरली होती.

गाठ खाली का जाते?

थायरॉईड म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली फुलपाखरासारखी ग्रंथी. निरोगी माणसात तिचं वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम असतं. ती वाढली की त्याला गलगंड म्हणतात. ही वाढ बहुतेक वेळा साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, पण अनेक गाठींची असते. ती वर्षानुवर्षं हळूहळू होत राहते, म्हणून असे रुग्ण बहुधा पन्नाशी-साठीचे असतात आणि त्यांत बायका जास्त.

वाढणाऱ्या गोळ्याला जागा हवी असते. पुढे गळ्याचे पट्टीसारखे स्नायू असतात, मागे मणक्यांचं हाड आणि वर स्वरयंत्र. मोकळी वाट एकच उरते, ती म्हणजे खाली छातीत जाणारी. त्यात आपण प्रत्येक घोट गिळताना ही ग्रंथी वर-खाली होते, श्वास आत घेताना छातीतला कमी झालेला दाब तिला खाली ओढतो आणि गुरुत्वाकर्षण तर चोवीस तास चालूच असतं. काही वर्षांत गोळ्याचं खालचं टोक उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागे जाऊन बसतं.

मान आणि छाती यांच्यामधल्या या दाराची मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पुढे उरोस्थी, मागे मणका, दोन्ही बाजूंना पहिली फासळी, अशी ती हाडांची चौकट आहे. पुढून मागे ती जेमतेम ५-६ सेंटीमीटर आणि आडवी साधारण १० सेंटीमीटर असते. एवढ्या जागेतून श्वासनलिका, अन्ननलिका, डोक्याकडे जाणाऱ्या धमन्या, डोक्याकडून परतणाऱ्या शिरा आणि आवाजाच्या नसा जातात. मानेत गोळा वाढला तर कातडी ताणली जाते आणि त्याला बाहेर जागा मिळते. हाडांच्या चौकटीत मात्र कुणीच सरकू शकत नाही. तिथे जो मऊ आहे, तो चेपला जातो.

चेपल्यावर काय काय होतं

प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद असते. तिच्या भिंतीत कूर्चेची कडी असल्यामुळे ती बराच काळ तग धरते, आणि म्हणूनच रुग्णाला सुरुवातीला काहीच कळत नाही. नळी ८ मिलिमीटरच्या खाली गेली की चढ चढताना, ओझं उचलताना धाप लागते. ५ मिलिमीटरच्या आसपास आली की बसल्या जागीसुद्धा श्वास घेताना कर्कश आवाज येऊ लागतो. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. हळूहळू दबत गेलेल्या नळीची माणसाला सवय होते आणि तो आपली हालचाल नकळत कमी करतो. ‘वय झालं, आता होत नाही’ या वाक्यामागे कधी कधी सहा मिलिमीटरची श्वासनलिका दडलेली असते.

दम्याशी गल्लत होते ती इथेच. दम्याची शिट्टी फुप्फुसातल्या बारीक नळ्यांतून येते आणि मुख्यतः श्वास सोडताना ऐकू येते. मुख्य श्वासनलिका दबल्यावरचा आवाज गळ्यापाशी जास्त मोठा असतो आणि श्वास आत घेताना उमटतो. गोळा छातीत खोल असेल तर तो दोन्ही वेळा येतो, त्यामुळे कानाने फरक करणं अवघड होतं. फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी इथे मदत करते. तिच्या आलेखाचा शेंडा टोकदार असायला हवा. वाटेत मोठा अडथळा असेल तर तो शेंडा कापल्यासारखा सपाट दिसतो. पंपाने बारीक नळ्या मोकळ्या होतात, बाहेरून दाबलेली मोठी नळी नाही. म्हणून दोन वर्षं पंप घेऊनही काही फरक पडत नसेल, तर निदानाकडे पुन्हा पाहायला हवं.

अन्ननलिका मऊ असते, पण ती श्वासनलिकेच्या मागे असल्यामुळे बहुतेक वेळा वाचते. गोळा मागच्या बाजूने उतरला तर ती दबते. आधी भाकरी, भात, मांस अशा घट्ट पदार्थांचा त्रास होतो, पाणी बरेच दिवस सहज जातं. आवाजाची नस ताणली गेली तर आवाज घोगरा होतो. साध्या गलगंडात हे क्वचित घडतं, त्यामुळे घोगरा आवाज दिसला की डॉक्टर कर्करोगाची शक्यता आधी तपासतात.

राहिल्या शिरा. त्यांच्यासाठी एक जुनी, बिनखर्चाची खूण आहे. लिव्हरपूलचे डॉक्टर ह्यू पेंबर्टन यांनी १९४६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ती नोंदवली. “मावशी, दोन्ही हात सरळ वर करा, दंड कानांना टेकवा आणि तसेच धरून ठेवा,” असं डॉक्टर सांगतात. मिनिटभरात चेहरा लालसर-जांभळा होऊ लागला, गळ्याच्या शिरा तटतटल्या किंवा श्वास कोंडला, तर छातीच्या दारात काहीतरी अडकलंय हे नक्की. हात वर करताना गळ्याखालची हाडं मागे-वर सरकतात आणि शिरा ही हाडं आणि गोळा यांच्या चिमटीत सापडतात. मावशींचा चेहरा पाऊण मिनिटात काळवंडला. त्यांना आठवलं, दोरीवर कपडे वाळत घालताना असंच व्हायचं. (ही चाचणी घरी कुणावर करून पाहू नका. ज्याचा श्वास आधीच अडतोय, त्याला ती झेपेलच असं नाही.)

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली. मान चाचपताना गोळ्याची खालची कड शोधली. एरवी घोट गिळताना ग्रंथी वर येते आणि कड बोटांखाली लागते. मावशींची कड लागलीच नाही. गोळा हाडामागे नाहीसा होत होता.

चित्रांत काय दिसतं

थायरॉईडची पहिली तपासणी म्हणजे सोनोग्राफी. मानेतल्या गाठींसाठी ती उत्तम आहे, पण तिच्या लहरी हाडापलीकडे जात नाहीत. मावशींच्या अहवालात ‘डाव्या भागाची खालची कड दिसत नाही’ असं वाक्य होतं. अशा अहवालांमध्ये हे वाक्य चटकन नजरेतून सुटतं आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं.

छातीचा साधा एक्स-रेसुद्धा बरंच सांगू शकतो, बघणाऱ्याने फुप्फुसांवरून नजर थोडी वर नेली तर. मध्यभागी वरपासून खाली उतरणारा काळा पट्टा म्हणजे हवेने भरलेली श्वासनलिका. तो सरळ असायला हवा. गलगंडाने ढकलला की तो धनुष्यासारखा एका बाजूला वाकतो आणि छातीच्या वरच्या भागातली मधली सावली रुंद दिसते. मावशींच्या दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेतही पट्टा उजवीकडे वाकलेला होता. त्या वेळी ‘फुप्फुसं स्वच्छ’ एवढंच पाहिलं गेलं.

खरा नकाशा मिळतो तो सीटी स्कॅनमध्ये. छातीत मध्यभागी गोळा दिसला की तो कसला, हा पहिला प्रश्न असतो, कारण तिथे लसीका ग्रंथींच्या, थायमसच्या आणि इतरही गाठी होऊ शकतात. थायरॉईडची ओळख पटवणाऱ्या खुणा अशा : गोळा मानेतल्या ग्रंथीशी सलग जोडलेला असतो, आयोडीन साठवण्याच्या सवयीमुळे थायरॉईडचा भाग कुठलंही औषध न देताही आजूबाजूच्या स्नायूंपेक्षा उजळ दिसतो, आणि जुन्या गलगंडात कॅल्शियमचे पांढरे ठिपके, कडी, मधेच द्रवाचे खळगे असा ओबडधोबड पोत असतो.

इथे एक सावधगिरी लागते. सीटीत शिरेतून देतात त्या रंगद्रव्यात भरपूर आयोडीन असतं. अनेक वर्षांच्या गाठींपैकी काही स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवत असतात. त्यांना एकदम एवढं आयोडीन मिळालं की काही आठवड्यांत छातीत धडधड, वजन घटणं, हातांना कंप असा थायरॉईडचा अतिरेक सुरू होऊ शकतो. म्हणून आधी टीएसएचची रक्ततपासणी करतात. ते कमी आलं, तर रंगद्रव्याशिवाय स्कॅन करतात किंवा आधी औषधाचं संरक्षण देतात. श्वासनलिका किती दबली आणि गोळा किती खोल गेला, हे रंगद्रव्याशिवायही कळतं.

छातीतल्या भागात सुई घालून तुकडा तपासणं सहसा टाळतात. आजूबाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात, आणि आत रक्तस्राव झाला तर आधीच अरुंद वाट काही तासांत बंद होऊ शकते. मानेतली गाठ संशयास्पद असेल तर तिची सुईने तपासणी जरूर होते.

एक स्कॅन, चार प्रश्न

मावशींचा स्कॅन शल्यचिकित्सक कसा वाचतात ते पाहू. टीएसएच नेहमीच्या मर्यादेत होतं.

पहिला प्रश्न, गोळा किती खाली गेलाय? डावा भाग उरोस्थीच्या वरच्या खाचेच्या खाली उतरला होता, पण महाधमनीच्या कमानीच्या वरच थांबला होता. ही कमान म्हणजे शस्त्रक्रियेच्या नियोजनातली वेस. गोळा वेशीच्या अलीकडे असेल तर तो बहुतेक वेळा मानेतून निघतो. वेस ओलांडून खाली गेला की छाती उघडण्याची शक्यता वाढते.

दुसरा, पुढून उतरला की मागून? मावशींचा गोळा श्वासनलिकेच्या पुढे आणि डावीकडे होता. बहुसंख्य गोळे असेच असतात. दहांत एखादा श्वासनलिकेच्या मागे उतरतो आणि तो काढणं जास्त कठीण जातं, कारण आवाजाची नस अशा वेळी गोळ्याच्या पुढे, नको तिथे, पसरलेली असू शकते.

तिसरा, आकार कसा आहे? खाली निमुळता होत गेलेला गोळा वर ओढला की येतो. पण छातीत जाऊन दारापेक्षा रुंद झालेला, डमरूसारखा गोळा अडकतो. मावशींचा छातीतला भाग सर्वांत रुंद ठिकाणी ५ सेंटीमीटर होता, दारापेक्षा कमी.

चौथा, श्वासनलिका सर्वांत अरुंद कुठे आणि किती? बरोबर छातीच्या दारापाशी, ६ मिलिमीटर, बाजूने चेपलेल्या फटीसारखी, साधारण ३ सेंटीमीटर लांबीपर्यंत. त्याच्या खाली नळी पुन्हा १५ मिलिमीटर झाली होती. हा प्रश्न शल्यचिकित्सकापेक्षा भूलतज्ज्ञासाठी जास्त मोलाचा आहे.

ही चार उत्तरं आली की छाती उघडावी लागेल का, याचा बराचसा अंदाज येतो. पुष्कळ रुग्ण ‘छातीचं हाड कापणार’ या भीतीनेच शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहतात. प्रत्यक्षात शंभरांतल्या नव्वदहून अधिक गोळे मानेवरच्या आडव्या छेदातूनच बाहेर येतात. कारण सोपं आहे. गोळा छातीत गेला तरी त्याचा रक्तपुरवठा मानेतूनच येतो. ग्रंथी खाली उतरताना आपल्या धमन्या सोबत घेऊन उतरते. मानेत त्या बांधल्या की खालचा गोळा रक्ताविना मोकळा होतो. याला अपवाद म्हणजे मानेतल्या ग्रंथीशी संबंध नसलेला, जन्मतःच छातीत राहिलेला थायरॉईडचा तुकडा. त्याला रक्त छातीतून मिळतं आणि तो छाती उघडूनच काढावा लागतो. असे रुग्ण शंभरांत एखादा. पूर्वी शस्त्रक्रिया झालेली मान आणि कर्करोगाचा संशय या दोन गोष्टींनीही धोका वाढतो.

गोळ्यांनी किंवा किरणोत्सारी आयोडीनने भागत नाही का, हा प्रश्न हमखास येतो. थायरॉईडच्या गोळ्यांनी इतका मोठा, जुना गोळा आटत नाही. किरणोत्सारी आयोडीनने तो काही महिन्यांत लहान होतो, पण नाहीसा होत नाही आणि सुरुवातीला थोडा सुजूही शकतो. हृदयविकार किंवा इतर कारणांनी शस्त्रक्रिया झेपणारच नाही, अशांसाठी तो पर्याय ठेवतात. काहीच त्रास नसताना स्कॅनमध्ये योगायोगाने सापडलेल्या गोळ्याचं काय करायचं, यावर मात्र डॉक्टरांत मतभेद आहेत. वय, गोळ्याची वाढ आणि नळीची रुंदी पाहून ठरवावं लागतं. मावशींच्या बाबतीत वादाला जागा नव्हती.

भूल देतानाचा अवघड क्षण

सपाट झोपवून, झोपेचं औषध देऊन, मग नळी घालायची, हा नेहमीचा क्रम इथे धोक्याचा ठरू शकतो. जाग असताना स्नायू छाती आणि गळा ताणून वाट उघडी ठेवतात. औषधाने ते सैल पडले की वाट बंद होऊ शकते. एरवी अशा वेळी गळ्याला भोक पाडून नळी घालण्याचा शेवटचा उपाय असतो. इथे तोही सोपा नाही, कारण भोक पाडायच्या जागेवर गोळाच बसलेला असतो, आणि अडथळा त्या भोकाच्याही खाली असतो.

म्हणून मावशींना अर्धवट बसवून ठेवलं, घसा औषधाच्या फवाऱ्याने बधिर केला आणि त्या जाग्या असतानाच नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण श्वासनलिकेत उतरवली. तिच्यावरून तारेच्या वेटोळ्याची, न दुमडणारी, ६ क्रमांकाची नळी सरकवली. ही नळी बाहेरून ८ मिलिमीटरहून थोडी जाड असते. मग ती ६ मिलिमीटरच्या फटीतून गेली कशी? गलगंड बाहेरून दाबत असतो, पण साध्या गलगंडात श्वासनलिकेची भिंत आतून निरोगी आणि लवचिक राहते. नळी हलके पुढे सरकली की भिंत बाजूला होते. नळीचं टोक अरुंद भागाच्या खाली गेलंय हे दुर्बिणीतून पाहिल्यावरच पूर्ण भूल दिली. कर्करोगाने भिंत पोखरलेली असेल तर असं घडत नाही, म्हणून स्कॅनमध्ये तेही तपासलेलं असतं.

गोळा बाहेर येतो तेव्हा

मानेवर आडवा छेद घेऊन आधी वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्या बांधल्या. मग आवाजाची नस शोधली. साधारणपणे ती खालून वर शोधत येतात, पण इथे खालची जागा गोळ्याने व्यापलेली. म्हणून ती स्वरयंत्रात शिरते तिथे, म्हणजे वरच्या टोकाला, ओळखून खाली सोडवत नेली. त्यानंतर बोट ग्रंथीच्या आवरणाला अगदी चिकटून छातीत उतरवलं आणि गोळा भोवतालच्या सैल ऊतींपासून सुटा करत हलके वर उचलला. या पायरीला अजूनही बोटाइतकं चांगलं हत्यार नाही. थायरॉईडवरच्या कामासाठी १९०९ मध्ये नोबेल मिळालेले स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांच्या नावाचा चमचाही या कामासाठी आहे. गोळा फोडून तुकड्यांनी काढण्याचा मोह मात्र टाळतात, कारण छातीत खोलवर रक्तस्राव झाला तर तो मानेतून थांबवता येत नाही, आणि आत न कळलेला कर्करोग असेल तर तो पसरतो.

बोट गोळ्याच्या तळापर्यंत पोहोचलं नाही, किंवा तो ओढल्यावर हललाच नाही, तर जोर लावायचा नाही. अशा वेळी उरोस्थीचा वरचा भाग उभा दुभागून पुरेशी जागा करतात. म्हणून छातीचा शल्यचिकित्सक आणि रक्ताच्या पिशव्या आधीच सज्ज ठेवतात, आणि रुग्णाची संमतीही आधीच घेतात. मावशींवर ती वेळ आली नाही.

शस्त्रक्रियेनंतर नळी काढण्याआधी भूलतज्ज्ञाने तिचा फुगा रिकामा करून कडेने हवा जाते का ते पाहिलं. वर्षानुवर्षं दबलेली श्वासनलिका क्वचित इतकी मऊ पडलेली असते की आधार गेल्यावर श्वास घेताना मिटते. हवा कडेने गेली, नळी निघाली. पहिले २४ तास परिचारिकांचं लक्ष मानेवर होतं. छेदाखाली रक्त साचून मान घट्ट फुगली, श्वासाची घरघर सुरू झाली, तर शस्त्रक्रियागृहात न्यायची वाट न पाहता खाटेवरच टाके उघडावे लागतात. दुसऱ्या दिवशी बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या. ग्रंथीला चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी शस्त्रक्रियेत दुखावल्या की असं होतं. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सुरू केलं. बहुतेकांना ते काही आठवडेच लागतं, मोजक्यांना कायमचं.

काढलेली ग्रंथी २६० ग्रॅम भरली. ती पूर्ण तपासायला पाठवली, कारण अशा ग्रंथींत कधी कधी आधी न कळलेला कर्करोग सापडतो. मावशींचा अहवाल साधा आला. ग्रंथी संपूर्ण काढल्यामुळे थायरॉईडची गोळी मात्र जन्मभर, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागणार. पहिला डोस वजनावरून ठरला, किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, आणि दीड महिन्याने टीएसएच पाहून तो थोडा कमी केला. कॅल्शियमच्या गोळीत आणि थायरॉईडच्या गोळीत किमान चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. दम्याचा पंप बंद झाला. उशी एकच राहिली.